स्वतःच्या फोटोवर कपडे जुळवताना लांबी चुकत होती: माझा अनुभव

मनालीच्या सात दिवसांच्या प्रवासासाठी पाच कुर्ते आणि तीन विजारी निवडून, त्यांच्या जोड्या मी स्वतःच्या पूर्ण उंचीच्या फोटोवर लावून पाहत होते. परंतु फोटोत गुडघ्यापर्यंत येणारा कुर्ता प्रत्यक्षात पोटरीपर्यंत येत असे. आधी तयार ॲप वापरले, मग कपड्यांची चित्रे अंदाजाने लहानमोठी केली, आणि दोन संध्याकाळी वाया गेल्या.

चूक मूळ फोटोतच होती. जवळून आणि डोळ्यांच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात. म्हणून फोन कमरेच्या उंचीवर, सरळ उभा, सुमारे तीन मीटर अंतरावर ठेवून, दिवसाच्या उजेडात टायमरने फोटो काढला. तो डोक्यापासून टाचेपर्यंत कापून सादरीकरणाच्या स्लाइडवर त्याची उंची १६ सेंमी ठेवली, कारण माझी उंची १६० सेंमी आहे. नंतर प्रत्येक कपडा त्याच उजेडात पांढऱ्या चादरीवर पसरून वरून टिपला, पार्श्वभूमी काढली आणि टेपने मोजलेल्या लांबीच्या दहाव्या भागाइतकी चित्राची उंची दिली; ९५ सेंमीचा कुर्ता म्हणजे ९.५ सेंमी. लांबी-रुंदीचे प्रमाण मात्र बंदिस्त ठेवावे लागते.

पंधरा जोड्यांत तो लांब कुर्ता एकाच विजारीवर शोभला, म्हणून घरीच ठेवला. उरलेल्या बारांपैकी अकरा जोड्या जमल्या. कापडाचा झोल आणि अंगावरचा घट्टपणा यातून कळत नाही, त्यासाठी कपडा घालूनच पाहावा लागतो.