पोलिसांविरुद्धची तक्रार त्याच ठाण्यात परत येऊ नये म्हणून

‘आधी वरिष्ठ निरीक्षकांना भेटा’ हा सल्ला मी आता कोणालाही देत नाही. माझ्या भाच्याला संध्याकाळी सातला ‘फक्त चौकशी’ म्हणून नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. अटक नाही, कागद नाही, पाठीवर वळ. मी पोलीस अधीक्षकांकडे अर्ज दिला. तो चौकशीसाठी त्याच ठाण्यात आला आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांनीच भाच्याला जबाबासाठी बोलावलं.

मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा आणि कोणी मारलं ते केसपेपरवर लिहून घ्या.

महाराष्ट्रात ठाण्याबाहेरची जागा म्हणजे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिलेल्या आदेशातून ही यंत्रणा आली आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 22 क्यू मध्ये तिचे विषय ठरवून दिले आहेत. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन बळकावणं, अधिकाराचा गंभीर दुरुपयोग. पीडिताच्या वतीने घरचा माणूसही तक्रार करू शकतो.

खरी अडचण मजकुराची. माझ्या पहिल्या अर्जात दोन पानं संताप होता: उर्मट वागणूक, शिव्या, अपमान. हे सगळं खरं होतं, पण कलमातल्या कोणत्याही विषयात ते नीट बसत नव्हतं. दुसऱ्यांदा मी पहिल्याच वाक्यात लिहिलं, ‘अटकेची नोंद न करता सुमारे सतरा तास डांबून ठेवलं.’ मग फक्त वेळा: कधी नेलं, कोणी नेलं, ठाण्यात कुठे बसवलं, कधी सोडलं. नाव माहीत नसेल तर हुद्दा आणि वर्णन लिहा, अंदाजाने नाव टाकू नका. एक नाव चुकलं की बाकी सगळ्यावर शंका घेतली जाते.

त्याच अर्जात ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रीकरण आणि स्टेशन डायरी मागवण्याची विनंती करा, तारीख आणि तासांसह. परमवीर सिंग सैनी खटल्यात 2020 मध्ये न्यायालयाने चित्रीकरण अठरा महिने, ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष जपायला सांगितलं आहे. तरी थांबू नका. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर महिन्यांनी येतं. चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी अधीक्षकांना स्पीड पोस्टाने वेगळी पाठवा आणि पोच सांभाळा.

मानवी हक्क आयोगाचा मार्गही आहे, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. राज्य आयोगाकडे प्रकरण चालू असताना राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही, त्यामुळे दोन्हीकडे एकच अर्ज टाकू नका.

प्राधिकरण स्वतः शिक्षा करत नाही, अहवाल सरकारकडे जातो. गुन्हाच नोंदवून हवा असेल तर अधीक्षकांना लेखी कळवून, दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्यासाठी वकील घ्या.