क्रिएटिनिनची बॅच लावण्याआधी: जाफे पद्धत आणि डायल्यूशनची तयारी

कायनेटिक जाफे पद्धतीने क्रिएटिनिन करायचं असेल, तर पहिलं काम रीएजंटचं. पिक्रिक अॅसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइड किटच्या माहितीपत्रकात दिलेल्या प्रमाणात एकत्र करा आणि वर्किंग रीएजंट ३७ अंशांवर येऊ द्या. थंड रीएजंटने सुरुवात केली तर रिॲक्शनचा वेग कमी पडतो, आणि या पद्धतीत आपण वेगच तर मोजतो. पिक्रिक अॅसिड सांडलं असेल तर ओल्या कपड्याने लगेच पुसा. ते वाळलं की स्फोटक होतं, म्हणून बाटलीच्या तोंडावरही त्याचे खडे साचू देऊ नका.

मग नमुने उजेडात धरून बघा. गडद पिवळं सिरम बाजूला काढा. अल्कलीमध्ये बिलिरुबिनचं ऑक्सिडेशन होतं आणि ५०० नॅनोमीटरच्या आसपास त्याचा रंग उतरत जातो. क्रिएटिनिनचा रंग चढत असताना हा उतरतो, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या रीडिंगमधला फरक लहान येतो आणि उत्तर खोटं कमी निघतं. काविळीच्या रुग्णाचं क्रिएटिनिन 'छान नॉर्मल' आलं की मला म्हणूनच स्वस्थता वाटत नाही. उलट दिशेची चूक कीटोन करतात. ॲसिटोॲसिटेट पिक्रेटबरोबर झटपट रंग देतं. पहिलं रीडिंग वीस-तीस सेकंद थांबून घेण्याचं एक कारण हेच, पण कीटोॲसिडोसिसमध्ये तेवढं थांबणं पुरत नाही. नळीवर बघून हे कळत नाही, म्हणून फॉर्मवर निदान आणि औषधं लिहिलेली आहेत का, ते आधीच तपासा. सेफॉक्सिटिन चालू असेल तर तेही क्रिएटिनिन वाढवून दाखवतं. असे नमुने एन्झायमॅटिक पद्धतीकडे वळवण्याची सोय बॅच लावण्यापूर्वीच करून ठेवा. डायल्यूशन हा त्यावरचा उपाय नाही. क्रिएटिनिन पाचपट पातळ झालं की कीटोनही पाचपट पातळ होतात आणि गुणाकारात दोन्ही परत येतात. दोन डायल्यूशनची उत्तरं जुळली म्हणजे रेंज बरोबर होती एवढंच कळतं. नमुना निर्दोष आहे असं त्यातून सिद्ध होत नाही.

डायल्यूशनची खरी गरज लघवीला. तिथे क्रिएटिनिन सिरमच्या कित्येक पट असतं, म्हणून ५० पट डायल्यूशन आधीच बनवून ठेवा. २० मायक्रोलिटर घेऊन हजार करण्यापेक्षा १०० मायक्रोलिटर लघवी आणि ४.९ मिलि डिस्टिल्ड वॉटर घ्या, लहान मापातली पिपेटची चूक टळते. नळीवर '१+४९' असंच लिहा. '१:५०' लिहिलं की कुणी ५० भाग पाणी घालतो आणि ५० नेच गुणतो. सिरमसाठी ०.९ टक्के सलाइन वापरा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे मुद्दाम लिहितोय ती: मशीनमधली कॉम्पेन्सेशनची सेटिंग. सिरममधली प्रथिनंही पिक्रेटशी थोडा रंग देतात, म्हणून कॉम्पेन्सेटेड जाफेमध्ये मशीन प्रत्येक उत्तरातून साधारण ०.३ mg/dL वजा करतं. लघवीत सहसा एवढी प्रथिनं नसतात, त्यामुळे तिथे ही वजाबाकी नकोच. समजा स्टँडर्ड २ mg/dL चं आहे, त्याचा फरक ०.०६० आला आणि पातळ केलेल्या लघवीचा ०.०८७. उत्तर २.९, गुणिले ५०, म्हणजे १४५. चोवीस तासांची लघवी १२०० मिलि असेल तर एकूण १.७४ ग्रॅम. पण लघवी सिरमच्याच प्रोग्रॅमवर लावली तर २.९ चे २.६ होतात, ५० ने गुणून १३०, आणि एकूण १.५६ ग्रॅम. क्लिअरन्सही त्याच प्रमाणात घसरतो, आणि कंट्रोल सिरम मात्र अगदी बरोबर येत राहतं. म्हणून लघवीचा प्रोग्रॅम वेगळा आहे का आणि त्यात वजाबाकी शून्य आहे का, हे उघडून बघा. लघवीचा स्वतंत्र कंट्रोलही त्याच डायल्यूशनने लावा.

सिरममध्येही हाच धोका लहान प्रमाणात असतो. किटची मर्यादा २० असताना खरं क्रिएटिनिन २४ असेल, तर १+४ केल्यावर मशीनला प्रथिनांसकट ४.८६ दिसतं, त्यातून ०.३ वजा होऊन ४.५६ उरतं आणि पाचाने गुणून २२.८ येतं. प्रथिनं पातळ झाली, वजाबाकी मात्र पूर्णच राहिली. १+१ केलं असतं तर २३.७ आलं असतं. त्यामुळे सिरम रेंजमध्ये येईल एवढंच पातळ करा, आणि रजिस्टरमध्ये अंतिम उत्तराशेजारी मशीनवरचा मूळ आकडा आणि डायल्यूशन दोन्ही लिहा, म्हणजे शंका आली तर गुणाकार पुन्हा तपासता येईल.