नगररचना कार्यालयाकडून हद्दीच्या डिजिटल फाइली मागवताना या चुका टाळा

प्रभाग अधिकाऱ्याच्या पत्रात बहुधा एकच वाक्य असते: "प्रभागाच्या हद्दीची सॉफ्ट कॉपी या कार्यालयास उपलब्ध करून द्यावी." आठ-पंधरा दिवसांनी सीडीवर किंवा ईमेलने नकाशाची पीडीएफ येते. नगररचना कार्यालयाच्या दृष्टीने मागणी पूर्ण झालेली असते आणि त्यात त्यांची चूक नसते, कारण पीडीएफ हीसुद्धा सॉफ्ट कॉपीच आहे. मात्र त्या चित्रावरून नाल्यांची लांबी काढता येत नाही की घरपट्टीच्या नोंदी हद्दीच्या आत-बाहेर लावता येत नाहीत, म्हणून दुसरे पत्र लिहावे लागते. कोकणात प्रभागाचे हे काम बहुधा पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईसाठी निघते, त्यामुळे वाया गेलेले पंधरा दिवस फार जाणवतात.

फाइलचा प्रकार न लिहिणे ही चूक पहिल्याच दिवशी लक्षात येते. कोऑर्डिनेट सिस्टीम, म्हणजे जागेचे स्थान आकड्यांत मांडण्याची पद्धत, अर्धवट लिहिण्याची चूक मात्र महिनोनमहिने लपून राहू शकते, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

किनाऱ्यावरच्या एका शहरातील प्रभागासाठी मी काम करत असताना पत्रात "फाइल डब्ल्यूजीएस ८४ मध्ये द्यावी" असे लिहिले गेले होते. फाइल आली, उपग्रह चित्रावर अचूक बसली आणि सर्वांना समाधान वाटले. तिच्यावरून नाल्यांची एकूण लांबी १८.८ किलोमीटर निघाली आणि रनिंग मीटरच्या दराने अंदाजपत्रक तयार झाले. पुढे कनिष्ठ अभियंत्याने मोरीपासून खाडीच्या तोंडापर्यंतचा एक नाला टेपने मोजला, तेव्हा तो जागेवर ४२० मीटर आणि फाइलमध्ये ४३९ मीटर भरला. दुसऱ्या नाल्यातही तेवढ्याच प्रमाणात फरक आढळला. खरी एकूण लांबी १८ किलोमीटर होती.

डब्ल्यूजीएस ८४ हे पृथ्वीच्या आकाराचे आणि मोजणीच्या आधाराचे नाव आहे. त्याच आधारावर अक्षांश-रेखांश (EPSG:4326), मीटरमधील यूटीएम (EPSG:32643) आणि इंटरनेटवरील नकाशांचा वेब मर्केटर (EPSG:3857) या तिन्ही पद्धती उभ्या आहेत. आम्हाला आलेली फाइल वेब मर्केटरमध्ये होती. या पद्धतीत विषुववृत्तापासून दूर जावे तसे अंतर फुगत जाते. रत्नागिरीच्या अक्षांशावर ही फूग लांबीत सुमारे साडेचार टक्के आणि क्षेत्रफळात सुमारे नऊ टक्के असते, म्हणजे २.४० चौरस किलोमीटरचा प्रभाग २.६२ चौरस किलोमीटरचा दिसतो. चित्र जागेवर बसते आणि केवळ माप खोटे निघते, म्हणून शंका येत नाही.

कोकण किनारा डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत यूटीएमच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतो. हा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा आहे. लांबी आणि क्षेत्रफळ मोजायचे असेल तर पत्रात EPSG:32643 हा क्रमांकच लिहावा. नुसते "यूटीएम" लिहून थांबू नये. नागपूर ७८ अंशांच्या पूर्वेस असल्याने तिकडच्या पत्रांत ४४ उत्तर असते. तसा नमुना उतरवून घेतला आणि यूटीएम ४३ च्या आकड्यांना ४४ चे नाव लागले, तर रत्नागिरीचा प्रभाग बरोबर सहा अंश पूर्वेला सरकून तेलंगणात नलगोंड्याजवळ जाऊन पडतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. जुन्या एव्हरेस्ट आधारावरील नकाशा डब्ल्यूजीएस ८४ म्हणून दिला गेला तर हद्द शंभराहून अधिक मीटर सरकते. ती त्याच शहरात राहते, पण आळी बदलते.

पत्रातील मागणीचा परिच्छेद मी आता असा लिहितो:

> "अंतिम प्रभाग रचनेच्या अधिसूचनेनुसार मंजूर असलेली प्रभागाची हद्द बंद बहुभुजाच्या स्वरूपात, जिओपॅकेज (.gpkg) प्रकारच्या एका फाइलमध्ये, EPSG:32643 या कोऑर्डिनेट सिस्टीममध्ये रूपांतरित करून मिळावी. मूळ नकाशा कोणत्या आधारावर तयार केला होता, अधिसूचनेचा दिनांक कोणता आणि पालिका इमारतीच्या एका कोपऱ्याचे निर्देशक काय आहेत, हे सोबतच्या पत्रात नमूद करावे."

यातील "रूपांतरित करून" हे शब्द गाळू नयेत. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये `Set Layer CRS` वापरले तर आकडे तेच राहतात आणि त्यांच्यावरचे नाव तेवढे बदलते. खरे रूपांतर `Save Features As` मध्ये नवी कोऑर्डिनेट सिस्टीम निवडून होते. घाईत पहिलाच मार्ग वापरला जातो, कारण फाइल उघडल्यावर नाव अपेक्षेप्रमाणे दिसते.

फाइल आली की थराच्या `Properties` मधील `Information` या पानावर `Extent` पाहावा. रत्नागिरी शहरात आकडे ७३.३ आणि १७ च्या आसपास असतील तर ते अक्षांश-रेखांश आहेत. सुमारे ३ लाख २० हजार आणि १८ लाख ७९ हजार असतील तर ते यूटीएम ४३ चे आहेत, आणि सुमारे ८१ लाख ६० हजार व १९ लाख २० हजार असतील तर फाइल वेब मर्केटरमध्ये आहे. त्यानंतर `Field Calculator` मध्ये पुढील दोन क्षेत्रफळे काढावीत:

```
$area
area(@geometry)
```

प्रकल्पाच्या मांडणीत एलिप्सॉइड डब्ल्यूजीएस ८४ आणि एकक चौरस मीटर असेल, तर पहिले सूत्र पृथ्वीची गोलाई धरून मोजते आणि दुसरे फाइलमधील सपाट आकड्यांवरून. यूटीएम ४३ मध्ये दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी येतात. दुसरे नऊ टक्क्यांच्या आसपास अधिक आले तर फाइल परत पाठवावी.

जिओपॅकेजचा आग्रह मी शेपफाइलच्या अनुभवामुळे धरतो. शेपफाइल म्हणजे प्रत्यक्षात अनेक फाइलींचा गठ्ठा असतो आणि ईमेलला जोडताना कुणी फक्त `.shp` जोडतो. `.shx` आणि `.dbf` नसले तर काम अडते. `.prj` नसेल तर कोऑर्डिनेट सिस्टीमच हरवते. स्तंभांची नावे दहा अक्षरांवर कापली जातात, आणि `.cpg` मध्ये UTF-8 ची नोंद नसेल तर वाड्यांची मराठी नावे न वाचता येणाऱ्या चिन्हांच्या रांगा होऊन येऊ शकतात. शेपफाइलच मिळणार असेल तर सर्व भाग एकाच झिपमध्ये मागावेत. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी मिळाली तर रेषा खरोखर बंद आहेत का ते आधी तपासावे.

किनाऱ्यावरच्या प्रभागांसाठी पत्रात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. अधिसूचनेत "पश्चिमेस अरबी समुद्र" किंवा "दक्षिणेस खाडी" एवढेच लिहिलेले असू शकते, पण फाइलमध्ये रेषा कुठेतरी काढावीच लागते. कुणी ती भरतीच्या रेषेवर काढतो, कुणी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या कडेने, तर कुणी खाडीच्या मध्यातून. समोरच्या प्रभागाची हद्द मध्यातून आणि आपली काठावरून आखली असेल, तर खाडीचा अर्धा भाग कोणत्याच प्रभागात राहत नाही आणि तिथल्या जेटीवरच्या कचऱ्याची तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. म्हणून रेषा कशावर आखली आहे हे लेखी मागावे, आणि शेजारच्या प्रभागांच्या हद्दीही त्याच पत्राने, त्याच कोऑर्डिनेट सिस्टीममध्ये मागवून सगळे थर एकमेकांवर ठेवून पाहावेत.