मावशीचा जलरंगातला डीपी: एआयला नेमकं काय सांगावं

सांगलीतली माझी मावशी कांदा-लसूण मसाला विकते. आमच्याकडे त्याला नुसतं चटणीच म्हणतात. शिवाय मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात, आणि तिथे चार वर्षं डीपीला मसाल्याच्या पुडीचा एक अंधूक फोटो होता, जो लहान आकारात विटेच्या तुकड्यासारखा दिसायचा. तिच्यासाठी जलरंगातलं छानसं चित्र करून द्यावं म्हणून मी चित्र काढणाऱ्या एआयला लिहिलं: ‘मसाल्याचा व्यवसाय करणारी भारतीय महिला, हसरं जलरंग चित्र.’

आलं ते असं. पंचविशीतली गोरीपान मुलगी, नाकात नथ, केसांत गजरा, गळ्यात तीन-चार हार, बत्तिशी दाखवणारं हसू. भोवती हवेत उडणाऱ्या मिरच्या आणि चारी बाजूंनी रंगांचे शिंतोडे. मावशीने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, “कोण गं ही? माझ्याकडे कामाला लागली का?”

दोष यंत्राचा कमी, माझ्या वाक्याचा जास्त. आपण जे सांगत नाही ते यंत्र सरासरीने भरून काढतं, आणि ‘भारतीय महिला’ याची सरासरी लग्नाच्या अल्बममध्ये सापडते. खाली जी पद्धत आहे ती त्यानंतरच्या दोन संध्याकाळींत जमलेली.

आधी चित्र कुठे दिसणार ते बघा

डीपी म्हणजे भिंतीवरची तसबीर नाही. चॅटच्या यादीत तो अंगठ्याच्या नखाएवढा असतो आणि गोल कापलेला असतो. चौकोनी चित्रातून पूर्ण मोठं वर्तुळ कापलं तरी चारी कोपरे मिळून चित्राचा पाचव्या भागाहून थोडा जास्त भाग जातो. म्हणून कोपऱ्यात काहीही महत्त्वाचं ठेवायचं नाही, आणि चित्रात दोनच गोष्टी ठेवायच्या: चेहरा, आणि धंदा ओळखू येईल अशी एक वस्तू. सात वाट्यांचा मसाल्याचा डबा हा माझा पहिला विचार होता. तो नखाएवढा केला की सात रंगीत ठिपके उरतात. आम्ही खलबत्ता निवडला, कारण त्याची बाह्यरेषाच ओळखू येते.

दुकानाचं नाव चित्रात घालायला सांगू नका. देवनागरी अक्षरं बरेचदा चुकतात, वेलांटी भलतीकडे जाते. आणि बरोबर आली तरी त्या आकारात वाचणार कोण? नाव प्रोफाइलमध्ये खाली असतंच.

माणूस शब्दांत पकडा

आता पाच मिनिटं त्या व्यक्तीकडे नीट बघा आणि गिऱ्हाईक तिला कशावरून ओळखतं ते लिहून काढा. मावशीचं असं निघालं: वय ५८, सावळा वर्ण, गोल चेहरा, मधोमध भांग, कानाजवळ पांढरे झालेले केस, मागे अंबाडा, काळ्या चौकटीचा आयताकृती चष्मा, मध्यम आकाराची लाल टिकली. दात न दाखवता हसते आणि हसताना डोळे बारीक होतात. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं ठरलं. ‘हसरा चेहरा’ म्हटलं की टूथपेस्टची जाहिरात येते. ‘ओठ मिटलेले, डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुरकुत्या’ म्हटलं की ओळखीचं माणूस येतं.

चेहरा खरंच तिच्यासारखा हवा असेल तर फोटोही जोडावा लागतो. नुसत्या वर्णनातून तिच्यासारखी कोणीतरी मिळेल, ती मिळणार नाही. फोटो खिडकीजवळ, एका बाजूने उजेड पडेल असा, मान किंचित वळवलेली. समोरून फ्लॅश मारलेला फोटो दिला तर चेहऱ्यावर सावलीच नसते, आणि सावली नसेल तर जलरंगाला रंगवायला काही उरत नाही. फोटो देण्याआधी त्या व्यक्तीला विचारा, कारण तो कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. आपल्या मजकुरावर आणि फोटोंवर यंत्र शिकवायचं की नाही याची खूण बऱ्याच सेवांच्या सेटिंगमध्ये असते, ती आधी बघून घ्या.

जलरंग म्हणजे काय ते सांगा

इथे बहुतेकांचं चित्र फसतं. ‘जलरंग’ एवढंच लिहिलं की यंत्र गुळगुळीत डिजिटल चेहरा काढतं आणि कडेला शिंतोडे उडवून त्याला जलरंग म्हणतं. ओळखायचं असेल तर चित्र मोठं करून गाल बघा. सावली एअरब्रशसारखी अलगद विरघळत गेली असेल तर तो नुसता मुखवटा आहे. खऱ्या जलरंगात ओला थर वाळतो तेव्हा रंग कडेला जाऊन साचतो आणि तिथे बारीक गडद रेघ उरते. खरबरीत कागदाच्या खळग्यांत रंगाचे कण बसतात. आणि पांढरा रंग लावलेला नसतो, तो कोरा सोडलेला कागद असतो. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना या माध्यमात उजेड कसा राखून ठेवावा लागतो हे वेगळं सांगायला नको. (आजच्या एखाद्या चित्रकाराचं नाव टाकून ‘यांच्यासारखं काढ’ असं मात्र लिहू नका. ती त्यांच्या पोटावर पाय देणारी गोष्ट आहे, आणि गरजही नाही.)

हेच सगळं शैलीच्या ओळीत सांगायचं. माणसाचं वर्णन मी मराठीत लिहिलं, ते नीट समजलं. शैलीची ओळ मात्र इंग्रजीत दिल्यावर फरक पडला, कारण चित्रकलेचे हे शब्द यंत्राने बहुधा इंग्रजीतच जास्त पाहिलेले असतात.

```
loose transparent watercolour, three or four flat washes,
visible drying edges, bare white paper for highlights,
cold-pressed paper grain, soft pencil lines showing through
```

आणि तिच्या आधी हे मराठी वर्णन:

> सोबतच्या फोटोतल्या ५८ वर्षांच्या महाराष्ट्रीय स्त्रीचं चौकोनी चित्र. चेहरा आणि खांदे एवढंच, मान किंचित डावीकडे. सावळा तपकिरी वर्ण, सावलीत गेरूची छटा. कानाजवळ पांढरे केस, मागे अंबाडा, काळ्या चौकटीचा आयताकृती चष्मा, लाल टिकली. ओठ मिटून हसू, डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुरकुत्या. साधी सुती हिरवी साडी, पदर डाव्या खांद्यावर, गळ्यात काळ्या मण्यांची एकच सर. समोर खाली मधोमध काळा लोखंडी खलबत्ता. डोक्यामागे हळदीच्या रंगाचा एकच पातळ थर, बाकी कागद कोरा.

यात काही शब्द उगाच नाहीत. पदराचा खांदा सांगितला नाही तर तो कधी उजव्या खांद्यावरून पुढे येतो आणि मावशी गुजराती होते. ‘गेरूची छटा’ नसेल तर पातळ थरांच्या नावाखाली यंत्र वर्ण उजळ करून टाकतं. मागचा हळदीचा थर हवा, कारण पूर्ण कोऱ्या कागदावरचं फिकट चित्र पांढऱ्या स्क्रीनवर विरून जातं. काळे केस पिवळ्यावर आले की डोक्याचा आकार लांबूनही कळतो. आणि हात मुद्दाम टाळलेत. बत्ता धरलेला हात म्हणजे बोटांचा घोळ, आणि वर्तुळात त्याला जागाही नाही.

एका वेळी एकच दुरुस्ती

दुसऱ्या खेपेला चेहरा जमला, पण खलबत्ता आला पांढऱ्या चिनी मातीचा, औषधांच्या दुकानाच्या पाटीवर असतो तसा. बरोबरच आहे, जगात बहुतेक ठिकाणी तो तसाच काढतात. ‘लोखंडी’ या एका शब्दाने भागलं नाही. ‘उंच, सरळ बाजूंचा, जाड काठाचा, वापरून काळा झालेला, बत्ता वर डोकावणारा’ असं आकाराचं वर्णन दिलं तेव्हा स्वयंपाकघरातला खलबत्ता आला. वस्तूचं नाव चालत नसेल तर तिचा आकार सांगायचा, हा धडा पुढे बऱ्याचदा उपयोगी पडला.

मग नथ परत उगवली. मी लिहिलं, ‘नथ नको.’ नथ आणखी मोठी झाली! काही यंत्रांत ‘नको’ विसरलं जातं आणि ‘नथ’ तेवढी लक्षात राहते. त्याऐवजी जे हवं ते लिहा: ‘नाक साधं, दागिन्याविना.’ शिंतोड्यांचंही तसंच. ‘शिंतोडे नकोत’ लिहिण्यापेक्षा ‘थराच्या कडा स्वच्छ, भोवती कोरा कागद’ हे लागू पडतं.

चित्र ऐंशी टक्के जमलं की नव्याने काढायला सांगू नका, नाहीतर चेहराच बदलतो. त्याच चित्रावर ‘फक्त खलबत्ता बदल, चेहरा, साडी आणि रंग आहेत तसेच ठेव’ असं सांगा. पण यालाही मर्यादा आहे. पाच-सहा दुरुस्त्यांनंतर मावशीचे गाल मेणासारखे गुळगुळीत झाले, सुरकुत्या गायब. तसं दिसलं की मागच्या चांगल्या चित्राकडे परत जायचं आणि उरलेल्या दुरुस्त्या एकाच वाक्यात सांगायच्या. म्हणून प्रत्येक बरं चित्र वेगळं सेव्ह करत चला.

नखाएवढं करून बघा

शेवटचं चित्र स्वतःच्या फोनवर डीपी म्हणून लावलं, दुसऱ्या फोनवरून चॅटची यादी उघडली आणि हात लांब करून बघितलं. खलबत्त्याचा बूड वर्तुळाखाली कापला जात होता, तेव्हा सगळं चित्र जरा लहान करून वर घ्यायला सांगितलं. डार्क मोडमध्ये कोरा कागद दिव्यासारखा चमकत होता. हळदीचा थर कडेपर्यंत पसरवला आणि ते थांबलं. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंना यादी दाखवून विचारलं, हे कोण? “अगं, तुझी मावशी की!” आणि पुढे, “खलबत्ता मात्र तिचा नाही हो, तिचा पितळी आहे.” तो तसाच राहू दिला. पिवळ्यावर पितळ उठून दिसलं नसतं.

मूळ चित्र १०२४ पिक्सेलचं आहे. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर ते साडेआठ सेंटिमीटरपर्यंत नीट छापता येतं. पुडीवरचं लेबल ७ सेंटिमीटरचं, त्यामुळे तिथेही तेच चाललं. आता मावशीला ते घरासमोरच्या फ्लेक्सवर हवंय, पाच फुटी. त्याला हे चित्र पुरणार नाही, हे तिला अजून पटलेलं नाही.