खुराक तेवढाच, दूध तेवढंच, मग वहीत आकडा का उड्या मारतो? गोठ्याच्या महिन्याच्या हिशेबातल्या या चुका टाळा

नेवासा तालुक्यातल्या एका गोठ्याची वही जानेवारीत माझ्यासमोर आली. दहा संकरित एचएफ गायी, त्यात सात दुधात आणि तीन भाकड, शिवाय चार वासरं-कालवडी. वही नेटकी होती, रोजच्या संकलनाच्या पावत्या चिकटवलेल्या. महिन्याच्या शेवटी गोठ्याच्या मालकांनी, म्हणजे दादांनी, एक आकडा काढला होता, तो म्हणजे लिटरमागे खुराक किती लागला. नोव्हेंबरचा आकडा ४०३ ग्रॅम, डिसेंबरचा ५६७ ग्रॅम. एका महिन्यात दीडशे ग्रॅमच्या वर वाढ बघून दादा घाबरले आणि १ जानेवारीपासून त्यांनी दुधातल्या प्रत्येक गायीचं दिवसाचं एक माप कमी केलं. आठवड्याभरात दिवसाचं दूध बारा लिटरनं घटलं. सात मापांचा खुराक वाचला म्हणजे दिवसाला सव्वातीनशे रुपये वाचले, आणि ३३ रुपयांच्या दरानं जवळपास चारशे रुपयांचं दूध गेलं.

प्रत्यक्षात नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये गोठ्यात काहीच बदललं नव्हतं. बदलला होता तो फक्त पोती आणण्याचा दिवस.

आणलेली पोती म्हणजे खाल्लेली पोती नव्हेत

दादांनी नोव्हेंबरात ५० किलोची २२ पोती आणली, म्हणजे ११०० किलो. संकलनाला गेलेलं दूध २७३० लिटर. भागाकार केला की ४०३ ग्रॅम. डिसेंबरात भाव वाढणार असं ऐकून ३२ पोती आणली, १६०० किलो. दूध २८२१ लिटर, भागाकार ५६७ ग्रॅम.

आता शिल्लक धरून बघा. १ नोव्हेंबरला सकाळी खोलीत ९ पोती होती आणि ३० तारखेच्या रात्री ४ उरली. म्हणजे ९ अधिक २२ वजा ४, अशी २७ पोती जनावरांच्या पोटात गेली. डिसेंबरात ४ अधिक ३२ वजा ८, म्हणजे २८ पोती. दिवस ३०चे ३१ झाले म्हणून एक पोतं जास्त, एवढाच काय तो फरक.

ही चूक मला बहुतेक वह्यांत दिसते आणि तिचं कारण सरळ आहे. दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो, पगार झाला की पोती येतात, आणि पोत्यांची पावती हातात असते म्हणून तीच वहीत चढते. शिल्लक पोत्यांची पावती कुणी देत नाही, ती आपणच मोजायची असते. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळच्या धारेनंतर बंद पोती मोजा, उघडं पोतं काट्यावर टाका आणि दोन्ही आकडे वहीत पुढच्या महिन्याच्या पानावर सगळ्यात वर लिहा. मुरघासाचा खड्डा मोजणं अवघड असतं, म्हणून तिथे रोज किती पाट्या काढल्या ते लिहिलं तरी चालतं. पण आठवड्यातून एकदा एक पाटी वजन करून घ्या.

वासरानं प्यालेलं दूधही दूधच

दुसरी चूक भागाकाराच्या खालच्या आकड्यात होती. दादा फक्त संकलनाची पावती धरत होते. घरी रोज २ लिटर आणि वासरांना ५ लिटर जायचं, ते कुठेच नव्हतं. नोव्हेंबरचं खरं दूध २९४० लिटर, म्हणजे दिवसाला ९८ आणि दुधातल्या गायीला सरासरी १४ लिटर. डिसेंबरचं ३०३८.

दोन्ही दुरुस्त्या केल्यावर नोव्हेंबरचा आकडा आला ४५९ ग्रॅम आणि डिसेंबरचा ४६१. वहिनी शेजारी बसून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मग माप कशाला कमी केलं?"

किलोचं माप किलोचं नसतं

४६० ग्रॅमच्या या आकड्यात भाकड गायी आणि वासरांचा खुराकही आहे, हे लक्षात ठेवा. दुधातल्या गायींचाच हवा असेल तर त्यांना किती घातलं हे माहीत पाहिजे, आणि इथे आणखी एक गोष्ट उघड झाली. दादांच्या सांगण्यानुसार दुधातल्या गायीला सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन मापं, भाकडीला दिवसाला एक, वासरांत मिळून दीडेक. सगळी मिळून बत्तीस-तेहतीस मापं. माप किलोचं, म्हणजे महिन्याला सुमारे हजार किलो, वीस पोती. मग सत्तावीस गेली कुठे? दादांचा पहिला संशय उंदरांवर होता आणि दुसरा पोत्याच्या वजनावर.

मी स्प्रिंगचा काटा दावणीच्या खुंटाला अडकवला आणि दादांना रोज भरतात तसंच माप भरायला सांगितलं. प्लास्टिकचा तांब्या, वर शीग आलेली. वजन भरलं १ किलो ३७५ ग्रॅम. चार मापांचे साडेपाच किलो. बत्तीस-तेहतीस मापांचे ४५ किलो, तीस दिवसांचे १३५० किलो, बरोब्बर सत्तावीस पोती. उंदीर निर्दोष होते.

गोळी पेंड, भरडा आणि सरकी पेंड यांचं एकाच मापातलं वजन वेगवेगळं येतं. त्यामुळे खाद्य बदललं की माप पुन्हा काट्यावर घ्यायचं. दुधातल्या सात गायींना दिवसाला ३८.५ किलो, महिन्याला ११५५ किलो. २९४० लिटरला भागलं की ३९३ ग्रॅम येतात. हा आकडा दादांच्या नोव्हेंबरच्या ४०३च्या अगदी जवळ आहे, पण तो योगायोग. तिथे एक चूक आकडा कमी करत होती आणि दुसरी वाढवत होती, म्हणून तो महिना ठीक दिसला. आकडा पटला म्हणून वही बरोबर आहे असं समजू नका.

ओल्या चाऱ्याचं वजन खाद्य-रूपांतरात घेऊ नका

खाद्याचं दुधात किती रूपांतर होतं हे खरं बघायचं तर चाराही धरावा लागतो, आणि तो कोरड्या वजनावर, म्हणजे पाणी वगळून. खुराक आणि कडब्यात साधारण ९० टक्के कोरडा भाग असतो, चांगल्या मुरघासात ३० टक्के आणि हत्तीघासासारख्या ओल्या चाऱ्यात २० टक्क्यांच्या आसपास, पावसाळ्यात त्याहूनही कमी.

या गोठ्यात दुधातल्या गायीला ५.५ किलो खुराक, २० किलो मुरघास आणि ४ किलो कडबा मिळत होता. कोरड्या भागात ४.९५ अधिक ६ अधिक ३.६, म्हणजे १४.५५ किलो. १४ लिटर दूध म्हणजे सुमारे १४.४ किलो, कारण एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. किलोभर दुधाला किलोभर कोरडं खाद्य, असं हे प्रमाण झालं. चांगल्या दुभत्या कळपात किलोभर कोरड्या खाद्यावर १.३ ते १.५ किलो दूध निघतं, तेव्हा इथे सुधारायला जागा आहे. मात्र आटत आलेल्या आणि नुकत्याच व्यालेल्या गायींचं प्रमाण बघूनच हा आकडा वाचायचा. ताजी व्यालेली गाय अंगावरची चरबी वितळवून दूध देते, तेव्हा आकडा फार छान दिसतो आणि गाय मात्र वाळत असते.

ओलं वजन घेतलं तर काय होतं बघा. आज तो आकडा २९.५ किलो खाद्याला १४.४ किलो दूध, म्हणजे २.०५ येतो. उद्या मुरघास संपला आणि तेवढाच कोरडा भाग मिळावा म्हणून ३० किलो हत्तीघास घातला, तर तोच आकडा २.७४ होतो. वहीत रूपांतर बिघडलेलं दिसतं, गायीनं मात्र तेवढंच कोरडं खाद्य खाल्लेलं असतं. आणि हो, गव्हाणीत उरलेली कुट्टी वजा केल्याशिवाय यातला एकही आकडा लिहू नका.

घरचा चारा फुकट नाही

लिटरमागचा खर्च दादांनी साडेसतरा रुपये काढला होता. त्यात २२ पोत्यांचे ३७,४०० रुपये, खनिज मिश्रण २४००, औषध आणि रेतन ४५००, वीज-डिझेल ३५०० एवढंच होतं. मुरघास घरचा म्हणून शून्य, कडबा फेब्रुवारीत घेतलेला म्हणून शून्य, आणि स्वतःच्या हातांचेही शून्य.

मी मुरघास शेजारी ज्या भावानं घ्यायला तयार होता त्या ६ रुपये किलोनं धरला, कडबा खरेदीच्या ८ रुपयांनी, पोतं १७०० रुपयांनी. ६००० किलो मुरघासाचे ३६,०००, १६५० किलो कडब्याचे १३,२००, सत्तावीस पोत्यांचे ४५,९००, खनिज मिश्रण २४००. नवरा-बायकोच्या कामाची मिळून रोज ४०० रुपयांची मजुरी, बाकी खर्च ८०००. शेणखताचे ३५०० वजा केले. झाले १,१४,००० रुपये.

यातून कालवडी-वासरांच्या चारा-खुराकाचे ९२४० रुपये मी वेगळे काढले, कारण ती उद्याची गाय आहे, आजचं दूध नव्हे. त्यांनी प्यालेलं दूधही त्यांच्याच खात्यावर. उरले १,०४,७६० रुपये, म्हणजे लिटरमागे ३५ रुपये ६० पैसे. ज्यांना कालवडींचा खर्च दुधावरच टाकायचा असेल त्यांनी खुशाल टाकावा, पण मग गायीचा घसारा पुन्हा धरू नये, एकच खर्च दोनदा मोजला जातो.

दर ३३चा आणि खर्च साडेपस्तीसचा हे ऐकून दादा बराच वेळ गप्प होते. हातात पैसे उरत होते हे खरं, पण ते त्यांच्याच मजुरीचे आणि त्यांच्याच शेतातल्या मक्याचे.

भाकड गायींची ओळ वेगळी ठेवा

सगळ्यात उपयोगाचा आकडा वहीत नव्हताच. तीन भाकड गायींचा चारा-खुराक वेगळा मांडला तर दिवसाला ४८९ रुपये, महिन्याला १४,६७०. २९४० लिटरवर पसरला की प्रत्येक लिटरवर ५ रुपये. गाय तेरा महिन्यांनी व्यायली आणि दोन महिने आटवली, तर दहा गायींत एका वेळी दीड, फार तर दोन भाकड असायला हव्यात. इथे तीन होत्या. त्यातल्या दोन गाभण, तिसरी चारदा भरवूनही उलटलेली आणि सात महिने रिकामी. तिच्या एकटीचा खर्च महिन्याला ४८९० रुपये.

दादांनी दुधातल्या गायींचं माप त्याच दिवशी पूर्ववत केलं. तिसऱ्या गायीच्या गर्भाशयाची तपासणी करायला डॉक्टरांना बोलावलं, आणि वहीत पानाच्या वर तीन नव्या ओळी आखल्या: सुरुवातीची शिल्लक, वासरांचं दूध, भाकड किती.