ईसॉपचे चोवीस लाख: ऑफर लेटरवरचे आणि हातात पडणारे

पुण्या-बंगळुरूच्या स्टार्टअपसाठी कोल्हापुरात घरी बसून काम करणारी पोरं आता बरीच झालीत. मीही त्यातलाच, आणि एका कंपनीतून बाहेर पडताना ईसॉपचे, म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावात शेअर घेऊ देणाऱ्या योजनेचे, शेअर पैसे मोजून घेतलेले. त्यामुळे कॉलेजचे ज्युनियर ऑफर लेटर आलं की राजारामपुरीत चहाला बोलावतात. मागे एक जण आला तो खूश होऊनच. "दादा, चोवीस लाखाचं पॅकेज!" पत्र वाचलं तर त्यात १८ लाख पगार होता आणि उरलेले वर्षाला ६ लाख ईसॉपचे, म्हणजे चार वर्षांचे २४ लाख. म्हटलं, भावा, १८ लाख तुझे. बाकीच्यांचा हिशोब मांडूया.

पत्रात लिहिलं होतं: ४,००० ऑप्शन, स्ट्राइक प्राइस २०० रुपये. कंपनीने ४,००० ला ६०० ने गुणून २४ लाख काढले होते. ६०० हा गुंतवणूकदारांनी शेवटच्या फेरीत दिलेला भाव. आता ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या भावात शेअर विकत घ्यायचा हक्क. तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक प्राइस, आणि ती आपल्या खिशातून जाते. म्हणजे ६०० चा भाव खरा धरला तरी एका ऑप्शनमागे सुटतात ४००. चोवीसचे सोळा लाख इथेच झाले. शिवाय गुंतवणूकदारांकडे बहुधा प्रेफरन्स शेअर असतात. कंपनी स्वस्तात विकली गेली तर आधी त्यांचे पैसे फिटतात आणि उरलं तर साध्या शेअरवाल्यांना मिळतं. त्यामुळे आपला शेअर ६०० चाच धरणं मला पटत नाही.

हा हक्क एकदम मिळत नाही, हप्त्याहप्त्याने पिकतो. त्यालाच व्हेस्टिंग म्हणतात. आपल्याकडे कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ग्रँट, म्हणजे कंपनीने ऑप्शन देणं, आणि पहिलं व्हेस्टिंग यांत किमान एक वर्ष जावं लागतं. या पोराच्या पत्रात नेहमीचंच वेळापत्रक होतं: वर्ष भरलं की १,०००, पुढे दर तिमाहीला २५०. अकराव्या महिन्यात नोकरी सोडली तर शून्य. समजा त्याने २९ महिन्यांनी सोडली. पहिल्या वर्षाचे १,००० आणि नंतरच्या पाच पूर्ण तिमाह्यांचे १,२५०, असे २,२५० पिकले. सहावी तिमाही ३० व्या महिन्यात भरते, तेव्हा महिनाभर आधी निघालं की २५० ऑप्शन हातचे जातात. राजीनामा टाकण्याआधी हे वेळापत्रक उघडून बघा. कंपनी राजीनाम्याची तारीख धरते की कामाचा शेवटचा दिवस, हेही योजनेच्या कागदातच असतं. आणि घड्याळ बहुधा ग्रँटच्या तारखेपासून चालतं, जॉइनिंगपासून नव्हे. काही ठिकाणी बोर्डाचा ठराव व्हायलाच दोन-तीन महिने लागतात.

आता एक्सरसाइज, म्हणजे पैसे भरून ऑप्शनचे शेअर करून घेणं. नोकरीत असताना घाई नसते. सोडल्यावर मात्र मुदत लागते. बऱ्याच योजनांत ती ९० दिवसांची असते आणि ती उलटली की पिकलेले ऑप्शनही जातात. मला कंपनीकडून जी मेल आली तिच्यात भरायच्या रकमा दोन होत्या. पहिली अपेक्षित होती, स्ट्राइकची. दुसरी होती कराची, आणि नवीन माणूस अडखळतो तो इथे.

शेअर हातात येतात तेव्हाच कर लागतो, विकले नसले तरी. एक्सरसाइजच्या दिवशीचा वाजवी बाजारभाव, ऑफिसच्या भाषेत एफएमव्ही, आणि आपण भरलेली स्ट्राइक यांतला फरक पगारातच धरला जातो. शेअर बाजारात नोंदलेले नसतील तर हा भाव मर्चंट बँकर काढून देतो. या पोराच्या बाबतीत तो ५०० निघाला असं धरू. फरक ३०० चा. २,२५० शेअरचे झाले ६ लाख ७५ हजार. १८ लाखांच्या पगारावर हे चढवलं तर २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत वरचा भाग २० आणि २५ टक्क्यांत पडतो, आणि उपकर धरून जादा कर होतो १,६१,२०० रुपये. पगार चालू असेल तर कंपनी तो पगारातून कापते. नोकरी सोडलेल्याकडून आधी भरून घेते, मग शेअर देते.

स्ट्राइकचे ४,५०,००० आणि कराचे १,६१,२००, असे एकूण ६,११,२०० रुपये गेले. बदल्यात डीमॅट खात्यात २,२५० शेअर आले, जे मनात आलं म्हणून विकता येत नाहीत. शाहू मार्केट यार्डात गुळाचा भाव पुकारला जातो तेव्हा तो घेणारा समोर उभा असतो. मर्चंट बँकरच्या ५०० रुपयांमागे असा कोणी नसतो. गिऱ्हाईक मिळालंच तरी विक्रीला कंपनीची परवानगी लागू शकते.

पुढचं गणित दोन्ही बाजूंनी करून बघा. अडीच वर्षांनी कंपनीने कर्मचाऱ्यांचे शेअर एखाद्या गुंतवणूकदाराला ७०० ने विकायची संधी दिली. हाती येतात १५,७५,०००. भांडवली नफा मोजताना खरेदी किंमत ५०० धरतात, २०० नव्हे, कारण मधल्या ३०० वर कर भरून झालाय. नोंदणी नसलेला शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला की नफा दीर्घकालीन, कर साडेबारा टक्के. साडेचार लाखांच्या नफ्यावर उपकरासह ५८,५०० रुपये. सगळं वजा जाता उरले ९,०५,३००. वाईट नाही.

आता उलट धरू. दिवस फिरले आणि भाव मिळाला २५०. स्ट्राइक तर २००, म्हणजे फायदाच की, असं वाटतं. प्रत्यक्षात हाती आले ५,६२,५००, खिशातून गेले होते ६,११,२००. स्ट्राइकच्या वर विकूनही ४८,७०० चा तोटा! पगार म्हणून भरलेला कर परत मिळत नाही. कागदोपत्री भांडवली तोटा दिसतो, पण दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वळता होतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो. तसा नफा नसेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून या पोराने ध्यानात ठेवायचा भाव २०० नाही, जवळपास २७२ आहे. खर्च झालेले ६,११,२०० भागिले २,२५०.

"पण स्टार्टअपला कर पुढे ढकलता येतो ना?" त्याने विचारलं. येतो, पण सरकारी मंडळाने करसवलतीचं प्रमाणपत्र दिलेल्या कंपन्यांनाच. स्टार्टअप म्हणून नुसती नोंदणी असून भागत नाही. आणि नोकरी सोडली, शेअर विकले किंवा ठरलेली वर्षं उलटली, यांतलं जे आधी घडेल तेव्हा तो भरावाच लागतो. म्हणजे निघताना एक्सरसाइज करणाऱ्याला त्याचा आधार नाही.

त्याला मी एचआरला लेखी विचारायला लावलं: सोडल्यावर एक्सरसाइजची मुदत किती, शेवटच्या मूल्यांकनात एफएमव्ही किती, कंपनीचे एकूण शेअर किती, आणि याआधी कर्मचाऱ्यांना शेअर विकायची संधी कधी दिली का. एकूण शेअर विचारायचे कारण ४,००० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. दहा लाखांतले ४,००० वेगळे, दहा कोटींतले वेगळे. मुदतीचं उत्तर ९० दिवस आलं. ती वाढवायला कंपनी तयार नव्हती, पण ईसॉप कमी करून पगार १९ लाख करायला झाली. त्याने तेच घेतलं आणि घराच्या हप्त्याचा हिशोब १९ वरच बसवला.