आयुर्वेदीय पद्धतीचा स्पा उघडण्यापूर्वीची तयारी

गोव्याच्या किनाऱ्यावर असा छोटा स्पा उभारताना परवाने, खोल्या, गरम पाणी यांची काळजी सगळेच घेतात, त्यामुळे त्यांबद्दल मी लिहीत नाही. सर्वांत आधी छापून घ्यावा तो विचारपुशीचा कागद. आमच्या पहिल्या उभारणीत लाकडी द्रोणी, धारापात्र, तेलाचे डबे सारे वेळेवर आले आणि नेमका हा कागद राहिला. पाहुणा आला की त्याला थेट तेल लावले जाई, आणि हे धोकादायक होते.

कागदावर एवढे प्रश्न असलेच पाहिजेत: ताप आहे का, शेवटचे जेवण कधी झाले, मद्य घेतले आहे का, गर्भारपण, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब आहे का, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, नुकती शस्त्रक्रिया झाली आहे का, त्वचेवर जखम, संसर्ग किंवा उन्हाने आलेली लाली आहे का, तीळ वा सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का. अपचन असताना अभ्यंग वर्ज्य आहे, असे आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकार वाग्भट यांनी स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे ही विचारपूस आपल्या परंपरेतलीच आहे.

एक उदाहरण घ्या. दहा तासांचा विमानप्रवास करून काल उतरलेली पाहुणी पाय जड झाले म्हणून पादाभ्यंग मागते. विचारल्यावर ती सांगते की एकच पोटरी दुखते; पाहिले तर ती दुसरीपेक्षा सुजलेली आणि स्पर्शाला गरम आहे. शिरेत गुठळी झाली असण्याची ही लक्षणे आहेत, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. इथे तेलाला हात लावायचा नाही, पैसे परत करायचे आणि तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचे. कागद नसेल तर हा प्रश्न कोणी विचारणार नाही. म्हणून पुन्हा सांगतो, आधी कागद आणि मग तेल, आणि दुसऱ्यांदा येणाऱ्या पाहुण्यालाही तो पुन्हा भरायला द्या, कारण मागच्या महिन्यातली प्रकृती आज तशीच असेल असे नाही.

सेवांची यादी आखूड ठेवा: अभ्यंग, पादाभ्यंग, उटणे, पेटीतला वाफारा आणि शिरोधारा पुरेत. वमन, विरेचन, बस्ती म्हणजे उलटी, जुलाब आणि एनिमा देऊन केलेली शुद्धी ही चिकित्सा आहे. नोंदणीकृत वैद्य आणि योग्य व्यवस्था नसेल तर ती यादीत घालू नका, कितीही मागणी आली तरी. साठ मिनिटांच्या अभ्यंगासाठी नव्वद मिनिटे राखून ठेवा, कारण विचारपूस, तेल कोमट करणे, स्नान आणि खोली पुसणे यांना वेळ लागतोच. वेळ कमी पडला की पहिली काट विचारपुशीला लागते, हे लक्षात असू द्या.

थेरपिस्टला हात कसा फिरवायचा हे शिकवणे तुलनेने सोपे आहे: लांब हाडांवर सरळ, सांध्यांवर गोल, पोटावर हलका. शिरोधारेत तेल पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावे, मनगटाच्या आतल्या बाजूवर तपासावे, डोळ्यांवर कापूस ठेवावा आणि धार कपाळापासून सुमारे चार अंगुळे उंचीवरून सोडावी. एकाचे वापरलेले तेल दुसऱ्याला कधीही नाही. वाफाऱ्यात डोके पेटीबाहेर असावे आणि कपाळावर घाम आला, जीव घाबरला किंवा चक्कर आली की तिथेच थांबावे. अवघड आहे ते नकार देणे. कागद वाचून ‘आज हे करता येणार नाही’ असे नम्रपणे सांगण्याचा सराव एकमेकांवर करून घ्या, आणि अशा नकाराने बुडालेले पैसे थेरपिस्टच्या कमाईतून कापू नका, नाहीतर ती नकार देणारच नाही.

जाहिरातीत ‘मधुमेह बरा’, ‘लठ्ठपणा जातो’, ‘पक्षाघातावर उपचार’ असले दावे नकोत. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे आणि त्याच्या यादीत हे विकार आहेत. ‘शरीरातली विषे बाहेर पडतात’ हेही लिहू नका, कारण ते तुम्हाला दाखवून देता येत नाही. स्नायू सैल होतात, थकवा हलका होतो, शांत वाटते, एवढेच लिहा, आणि कोणी ही सेवा घेऊ नये तेही दराशेजारीच छापा.

उरलेले थोडक्यात. तेलकट टॉवेल धुऊन पूर्ण थंड झाल्यावरच घडी करा. ड्रायरमधून काढलेले गरम टॉवेल रचून ठेवले तर त्यांत उरलेले तेल तापून पेट घेऊ शकते. मोरीत तेल ओतू नका. फरशी प्रत्येक पाहुण्यानंतर साबणाने पुसा. दर करांसह लिहा.